मदत हवी आहे: अनियमित उत्पन्नावर आगाऊ कर कसा धरता?

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात घरून भाषांतराचं काम करते, सहावं वर्ष. आर्थिक वर्ष 2025-26 साठी जूनमध्ये नफा 6 लाख होईल असं धरलं. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत कर शून्य, म्हणून जून आणि सप्टेंबरचे हप्ते भरलेच नाहीत. नोव्हेंबरमध्ये एका परदेशी ग्राहकाचं मोठं काम आलं आणि वर्षाचा नफा 16 लाखांवर गेला.

सेससह कर 1,24,800. इथल्या ग्राहकांचा टीडीएस 64,800, म्हणजे उरले 60,000. त्यातले 75 टक्के, 45,000, मी 15 डिसेंबरपूर्वी भरले. बाकीचे 15 मार्चपूर्वी.

आता व्याजाचं. जूनच्या 15 टक्क्यांवर, म्हणजे 9,000 वर, तीन महिन्यांचे 270. सप्टेंबरच्या 45 टक्क्यांवर, 27,000 वर, 810. भांडवली नफा किंवा पहिल्यांदाच सुरू झालेला व्यवसाय असेल तर सूट आहे, पण जुन्याच व्यवसायात काम उशिरा आलं तर नाही, असं मी समजते. बरोबर ना?

आणि पुढच्या जूनचा अंदाज कसा बांधू? फक्त हातातली कामं धरू, की मागच्या तीन वर्षांची सरासरी? रोख अडकण्याची मला खरंच धास्ती वाटते. अशी कामं करणाऱ्यांनी आपला हिशेब सांगाल का?