सल्ला हवा: एकच कॉलम सॉर्ट झाला आणि सर्वेक्षणाच्या सरासऱ्या बदलल्या (बजेट ३०० रुपये)

वैदेही_टीवाय
टीवायबीएचा प्रकल्प आहे: कॉलेजच्या अभ्यासिकेबद्दल विद्यार्थी किती समाधानी आहेत. ९० छापील फॉर्म भरून घेतले, एफवाय, एसवाय, टीवायचे प्रत्येकी ३०. पाच प्रश्न, १ ते ५ गुण. सगळं एक्सेलमध्ये टाकलंय. A मध्ये वर्ग, B मध्ये मुलगा की मुलगी, C ते G पाच प्रश्न, H मध्ये एकूण.

प्रश्न ४ (अभ्यासिकेची वेळ पुरेशी आहे का) मध्ये १ किती जणांनी दिलेत ते बघायला F कॉलम निवडून A to Z केलं. मध्ये एक खिडकी आली, त्यात Continue with the current selection निवडलं. फाइल सेव्ह करून बंद केली. दुसऱ्या दिवशी बघते तर प्रश्न ४ च्या सरासऱ्या अशा:

एफवाय आधी ३.५०, आता १.८७
एसवाय आधी ३.२०, आता ३.४०
टीवाय आधी ३.०७, आता ४.५०

आधीचे आकडे छापलेल्या प्रकरणात आहेत म्हणून कळलं. मुलगे-मुलींच्या सरासऱ्या मात्र थोड्याच हलल्यात. मुलगे ३.३१ वरून ३.२४, मुली ३.२१ वरून ३.२७. फाइलची दुसरी प्रत नाही, फॉर्मवर नंबर घातलेले नाहीत. सोमवारी मॅडमना डेटा फाइल द्यायची आहे.

दोन प्रश्न: डेटा परत मिळेल का? आणि असं होणार नाही असं सॉफ्टवेअर ३०० रुपयांत कोणतं?

सह्याद्रीचा_वारा
सरळ नवा लॅपटॉप घे. १६ जीबी रॅम, एसएसडी, ५०-५५ हजारांत चांगला येतो. जुन्या मशीनवर एक्सेल अडकतं आणि असे घोळ होतात. मी गेल्या दिवाळीत घेतला, एकदाही तक्रार नाही.

बापू_सातारकर
सॉर्ट केल्याने सरासरी बदलत नाही. तेच आकडे, फक्त क्रम वेगळा, बेरीज तीच. तुझे काही आकडे टेक्स्ट म्हणून बसले असणार, AVERAGE ते धरत नाही. सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतोय का बघ.

आकडेमोड
बापूसाहेब, अख्ख्या कॉलमची सरासरी बदलत नाही, हे तुमचं बरोबर. वैदेहीने F2:F91 ची सरासरी काढली तर आधीही ३.२६ आणि आत्ताही ३.२६ येईल, कारण ९० जणांची बेरीज २९३ च आहे. बदललंय ते कोणते गुण कोणासमोर आहेत ते.

तिचं सूत्र असं असणार:

```
=AVERAGEIF(A2:A91,"FY",F2:F91)
```

हे A मध्ये FY दिसलं की त्याच ओळीतला F चा आकडा उचलतं. A जागेवर राहिला, F तेवढा चढत्या क्रमाने लागला. फॉर्म वर्गवार टाकलेले असल्याने पहिल्या ३० ओळी एफवायच्या, म्हणून सगळे १ आणि २ त्यांच्या वाट्याला आले आणि सगळे ५ टीवायच्या. मुलगे-मुली मात्र वरपासून खालपर्यंत मिसळलेले, म्हणून तिथे फरक छोटा. तो छोटा आहे म्हणून बरोबर आहे असं समजू नकोस, त्या सरासऱ्याही तितक्याच खोट्या आहेत. वर्गवार तक्ता नसता तर ही चूक कोणाच्या लक्षातही आली नसती.

आणि निष्कर्ष पार उलटा झालाय. खऱ्या आकड्यांत वरच्या वर्गातली मुलं वेळेबद्दल जास्त नाराज, आत्ताच्या आकड्यांत तीच सर्वांत खूश.

मीरा_ठाणे
गूगल शीट्स वापर गं, फुकट आहे. File मध्ये Version history असते, कालची प्रत दोन क्लिकमध्ये परत. एक्सेलला पैसे कशाला घालवायचे?

कोकणी_मेवा
व्हर्जन हिस्टरीला +१. पण मीराताई, शीट्स या बाबतीत जास्त घातक आहे. एक्सेल निदान विचारतं तरी. शीट्समध्ये कॉलम निवडून Data मधून Sort range केलं की न विचारता तेवढाच कॉलम हलतो. Sort sheet केलं तर अख्ख्या ओळी हलतात. दोन्ही पर्याय एकाच मेनूत.

मीरा_ठाणे
मी चार वर्षं वापरतेय, मला कधी त्रास झाला नाही.

संख्याशास्त्र_नागपूर
गंभीर काम असेल तर एसपीएसएस. तिथे Sort Cases केलं की पूर्ण केस हलते, एकटा कॉलम हलवायची सोयच त्या मेनूत नाही. आमच्या विभागात सगळे तेच वापरतात.

आर_प्रेमी
एसपीएसएस ३०० रुपयांत? मूळ प्रश्न वाचा. आर शिक, फुकट आहे आणि काय केलं ते स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं राहतं.

आकडेमोड
आर चांगलंच आहे, पण हीच चूक तिथेही एका ओळीत होते:

```
df$q4 <- sort(df$q4)          # फक्त q4 हलला
df <- df[order(df$q4), ]      # पूर्ण ओळी हलल्या
```

पहिल्या ओळीला आर काहीच हरकत घेत नाही. फायदा एवढाच की मूळ सीएसव्ही फाइल शाबूत राहते, स्क्रिप्ट दुरुस्त करून पुन्हा चालवता येते. एसपीएसएससारखंच काम फुकटात हवं असेल तर पीएसपीपी आहे.

पण आधी डेटा. वैदेही, H2 वर क्लिक कर आणि वरच्या फॉर्म्युला बारमध्ये काय दिसतं ते सांग. =SUM(C2:G2) की नुसता आकडा?

वैदेही_टीवाय
नुसता आकडा, १७. फोनवर फाइल उघडताना अडचण नको म्हणून एकूणचा कॉलम Paste Special मधून Values केला होता. सॉर्ट करायच्या आधी.

आकडेमोड
मग काम झालं. सूत्र असतं तर सॉर्टनंतर एकूणही नव्याने मोजलं गेलं असतं आणि खूण पुसली गेली असती. आता H मध्ये जुनी बेरीज आहे आणि C, D, E, G जागेवर आहेत. उरलेला आकडा वजाबाकीतून येतो. आधी फाइलची प्रत कर, मग J2 मध्ये:

```
=H2-(C2+D2+E2+G2)
```

खाली J91 पर्यंत ओढ. मग पडताळणी. सॉर्टने जोड्या मोडल्या, पण कोणता गुण किती वेळा आलाय ते बदललं नाही. म्हणून F आणि J मध्ये १ ते ५ प्रत्येकाची संख्या जुळायला हवी:

```
=COUNTIF(F2:F91,1)
=COUNTIF(J2:J91,1)
```

बापू_सातारकर
टेक्स्टचं तरी तपासून घ्या. =COUNT(F2:F91) ९० पेक्षा कमी आलं तर माझंच म्हणणं खरं.

वैदेही_टीवाय
COUNT ९० च येतं. F मध्ये १ ते ५ अनुक्रमे १०, १४, २४, २७, १५. J मध्ये १०, १४, २२, २७, १५. आणि ओळ ३८ मध्ये ० आलाय, ओळ ७१ मध्ये ७!

कोकणी_मेवा
म्हणजे वजाबाकीवर विसंबून चालणार नाही.

आकडेमोड
उलट, अडचण कुठे आहे ते तिने नेमकं दाखवलं. एकूणचे Values केल्यानंतर या दोन ओळींत दुसऱ्या एखाद्या प्रश्नाचा गुण बदलला होतास का?

वैदेही_टीवाय
हो. प्रश्न १ टायपिंगमध्ये चुकला होता. ३८ मध्ये १ चा ४ केला, ७१ मध्ये ५ चा १ केला. एकूण बदललं नाही.

आकडेमोड
मग हिशोब लागतो. ३८ मध्ये प्रश्न १ तीनने वाढला, म्हणून वजाबाकी तीनने कमी आली: ३ च्या जागी ०. ७१ मध्ये तो चारने घटला, म्हणून ३ च्या जागी ७. COUNTIF ही तेच सांगतंय, ३ नेमके दोन कमी आहेत. दोन्ही ओळींच्या J मध्ये ३ लिही, H ची बेरीजही दुरुस्त कर. मग J Copy करून F वर Values म्हणून पेस्ट कर आणि वर्गवार सरासऱ्या बघ.

वैदेही_टीवाय
३.५०, ३.२०, ३.०७. मुलगे ३.३१, मुली ३.२१. सगळं छापील प्रकरणाशी जुळलं!! खूप आभार.

संख्याशास्त्र_नागपूर
सरासऱ्या जुळल्या म्हणजे प्रत्येक ओळ जुळली असं नाही. एकाच वर्गातल्या दोन मुलींच्या ओळींत उलटसुलट चूक असेल, तर सरासरीही जुळेल आणि मोजणीही.

आकडेमोड
तत्त्वतः मान्य. पण त्यासाठी एकूणच्या दोन जुन्या चुका एकमेकींना नेमक्या फेडाव्या लागतील. मी ही फाइल निःशंक दिली असती.

प्राची_ग्रंथपाल
पुढच्या वेळी पहिला कॉलम अनुक्रमांकाचा ठेव, १ ते ९०. मग कसंही सॉर्ट केलं तरी अनुक्रमांकावर सॉर्ट करून मूळ क्रम परत.

आकडेमोड
ताई, अख्ख्या ओळी हलल्या असतील तरच. एकटा F हलला तर अनुक्रमांक जागेवरच बसून राहतो, त्याने काही परत येत नाही. तोच नंबर कागदी फॉर्मवरही घातलेला असेल तर उपयोग आहे, मग तेवढा कॉलम पुन्हा टाइप करता येतो. आणि अनुक्रमांक टाइप केलेले हवेत, =ROW() नको, ते सॉर्टनंतर ओळीच्या जागेप्रमाणे नव्याने मोजतं.

सॉर्टसाठी एक्सेलमध्येच साधी सवय: डेटात कुठेही क्लिक करून Ctrl+T, म्हणजे टेबल होतं. शीर्षकाच्या बाणातून सॉर्ट केलं की पूर्ण ओळी हलतात. मध्ये रिकामा कॉलम सोडू नकोस, एक्सेल तिथेच डेटा संपला असं धरतं आणि पलीकडचा भाग मागे राहतो. आणि १ किती जणांनी दिले हे बघायला सॉर्ट लागतच नाही, वरचं COUNTIF पुरतं.

सह्याद्रीचा_वारा
लॅपटॉपचं काय ठरलं मग? हवी असेल तर लिंक देतो.

वैदेही_टीवाय
लॅपटॉप नको काका, आहे तो चालतोय. सॉफ्टवेअरही काही घेत नाहीये.

मी मात्र ९० फॉर्मवर पेनाने नंबर घालून सगळं नव्या फाइलमध्ये पुन्हा टाकणार आहे. मैत्रीण वाचून दाखवणार, मी टाइप करणार. एकूणला या वेळी सूत्रच ठेवते.

आकडेमोड
गरज नाही असं माझं मत आहे, डेटा परत मिळालाय. ४५० आकडे नव्याने टाइप करताना नव्या चुका येतील. निदान दुरुस्त केलेली फाइल टाकू नकोस.

वैदेही_टीवाय
ती ठेवतेच आहे. पण फॉर्मवर नंबर नसल्याने कुठला फॉर्म कुठल्या ओळीत हे मॅडमनी विचारलं तर मला दाखवता येणार नाही. आणि प्रश्न १ मध्ये दोन चुका आधीच सापडल्यात, बाकी किती आहेत ते वजाबाकीतून कळत नाही.

संख्याशास्त्र_नागपूर
हे योग्य आहे. फॉर्म टाकताना वर्गवार गठ्ठे तसेच ठेव. झालं की दोन्ही फाइल्समध्ये प्रत्येक प्रश्नाची COUNTIF मोजणी वर्गवार ताडून बघ, वेगळी आली तर त्या वर्गाचे तीसच फॉर्म चाळावे लागतील.

मीरा_ठाणे
आणि ती नवी फाइल तरी ड्राइव्हवर ठेव गं.