रीसेल फ्लॅटची काउंटर-ऑफर: दुरुस्ती आणि आधीचे व्यवहार कसे मांडावेत? (मदत हवी आहे)

सायली_कोथरूड

कोथरूडमध्ये १९९८ सालच्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके बघितलाय. लिफ्ट नाही. कार्पेट ६४० चौरस फूट. मालक निवृत्त गृहस्थ आहेत, १ कोटी १२ लाख मागतायत. एजंट म्हणतो, "ऑफर लेखी द्या, काका विचार करतील."

याच इमारतीतले दोन व्यवहार सापडले, दोन्ही फ्लॅट याच मापाचे. दुसऱ्या मजल्यावरचा या मार्चमध्ये ९८ लाखांना गेला, तो आतून नवा केलेला होता. चौथ्या मजल्यावरचा दीड वर्षापूर्वी ९१ लाखांना, जुन्याच अवस्थेत.

कॉन्ट्रॅक्टरचा अंदाज असा: दोन बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, पाइप आणि टाइल्स २.६ लाख, वायरिंग १.४, प्लास्टर-रंग ०.८, किचन २.५, फरशी २. एकूण ९.३ लाख. दोन व्यवहारांची सरासरी ९४.५, त्यातून ९.३ वजा केले की ८५.२. एवढीच ऑफर द्यावी म्हणते. पत्रात हे कसं मांडू, म्हणजे काकांना अपमान वाटणार नाही?

मिलिंद_ठाणे

रेडी रेकनर काढा आणि त्याच भावाने मागा. सरकारी दर आहे, त्यापुढे मालकाला बोलता येत नाही.

गिलावा

मिलिंद, रेडी रेकनरचा दर मुद्रांक शुल्कासाठी असतो, त्या भावाने विकायला कोणी बांधील नाही. पण तो बघून ठेवावा हे बरोबर. करारातली किंमत त्याच्या खाली गेली तरी शुल्क रेडी रेकनरवरच भरावं लागतं. आणि फरक दहा टक्क्यांच्या वर गेला तर खरेदीदाराला आयकरही लागू शकतो.

सायली, तुमच्या हिशोबात एक गोष्ट दोनदा वजा होतेय. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट जुन्या अवस्थेतच ९१ ला गेला. म्हणजे त्या खरेदीदाराने दुरुस्तीचा खर्च मनात धरूनच भाव केला होता. त्यातून तुम्ही परत दुरुस्ती कशी वजा कराल? दुरुस्ती वजा होईल ती फक्त ९८ च्या, नव्या केलेल्या फ्लॅटमधून. म्हणून सरासरी काढू नका. दोन वाटांनी वेगवेगळे जा आणि आकडे कुठे जवळ येतात ते बघा.

दुसरं, दोष आणि आवड वेगळी करा. गळकं बाथरूम आणि जुनं वायरिंग हे दोष. रंग तर नवीन घरात येणारा प्रत्येक जण काढतोच. किचन आणि फरशी काकांच्या मते उत्तम चालू आहे, ती यादीत दिसली की ते बाकीची यादीही वाचणार नाहीत.

आणि मला सांगा, बाथरूमची ओल नक्की कुठे आहे? छताला की खाली?

अनघा_नाशिक

माझ्याही फ्लॅटला दोन वर्षांत गळती लागली. रेरात पाच वर्षं बिल्डरची जबाबदारी असते, त्याच्याकडून करून घ्या ना. आम्ही तेच केलं.

सायली_कोथरूड

अनघाताई, इमारत १९९८ ची आहे, बिल्डरचा आता काही संबंध नाही.

गिलावा, कॉमन बाथरूमच्या छताला पोपडे आलेत आणि पांढरा क्षार फुटलाय. बेडरूमच्या बाथरूमचं छत कोरडं आहे, पण खालच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या की त्यांच्या छतातून पाणी ठिबकतं.

गिलावा

मग ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. छताची ओल वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येतेय. ती तुम्ही खालून कितीही वॉटरप्रूफिंग केलंत तरी थांबणार नाही. तो खर्च किमतीतून वजा करू नका. त्याऐवजी अट घाला की काकांनी सोसायटीमार्फत वरच्यांकडून दुरुस्ती करून घ्यावी, करारनाम्याच्या आधी.

बेडरूमचं बाथरूम मात्र घर तुमचं झाल्यावर तुमच्या गळ्यात येणार. खात्री करायची असेल तर नहाणी ट्रॅप बंद करून जमिनीवर बोटभर पाणी रात्रभर तुंबवा आणि सकाळी खाली जाऊन बघा. काकूंच्या छतावर डाग ओला झाला तर फोटो काढा, तोच तुमचा पुरावा. पाणी तुंबवूनही डाग कोरडाच राहिला, तर पाइपातली गळती असू शकते. तेव्हा नळ चालू ठेवून परत बघा.

म्हणजे कॉन्ट्रॅक्टरकडून एकाच बाथरूमचा वेगळा आकडा मागा.

सायली_कोथरूड

तो म्हणतो १.४ लाख. वायरिंग १.४. एकूण २.८.

गिलावा

आता बघा. पहिली वाट: ९८ मधून २.८ गेले, ९५.२. दुसरी वाट: ९१, पण तो व्यवहार दीड वर्षापूर्वीचा आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत सगळ्यात वरचा मजला. तिसऱ्या मजल्याला मी एक-दोन लाख जास्त धरेन, म्हणजे ९२-९३. तुमचा टप्पा ९२ ते ९५. पत्रात ९१ लिहा, कारण तो आकडा नोंदणीत आहे, तुमच्या डोक्यातला नाही. मनात ९५ ची वरची हद्द ठेवा.

वसुधा_१२

मी किचन पूर्ण सोडणार नाही. ९८ च्या फ्लॅटमध्ये नवीन किचन होतं, तेही त्या ९८ मध्ये आलं ना? मग निम्मे तरी वजा व्हायला हवेत.

गिलावा

तत्त्वाने मान्य. पण त्या फ्लॅटमध्ये नक्की काय काय केलं ते कोणी आत जाऊन बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि पत्रात अंदाज लिहिला की काका त्यावरच बोट ठेवतील. मी बोलताना काढेन, कागदावर नाही. वसुधाताईंचं वेगळं मत असू शकतं.

एक सावधगिरी: इंडेक्स टूवर, म्हणजे दस्ताच्या नोंदणी उताऱ्यावर, मोबदला आणि सरकारी बाजारभाव जवळजवळ एकच दिसले तर खरा भाव कागदावर नसण्याची शक्यता आहे, असा व्यवहार आधाराला घेऊ नका. आणि क्षेत्रफळ कार्पेट आहे की बिल्ट-अप ते तपासा. जुन्या दस्तांत बरेचदा बिल्ट-अप असतं.

सायली_कोथरूड

तपासलं. बाजारभाव दोन्हीकडे मोबदल्यापेक्षा बराच कमी आहे, आणि क्षेत्रफळ दोन्हीकडे कार्पेटच लिहिलंय. मसुदा असा केलाय:

"काका, नमस्कार. फ्लॅट आम्हाला मनापासून आवडला, तुम्ही तो नीट राखलाय. तुमच्याच इमारतीत याच मापाचे दोन फ्लॅट विकले गेलेत: नवा केलेला दुसऱ्या मजल्यावरचा मार्चमध्ये ९८ लाखांना, आणि जुन्या अवस्थेतला चौथ्या मजल्यावरचा दीड वर्षापूर्वी ९१ लाखांना. आपल्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग आणि पूर्ण वायरिंग करावं लागेल. अंदाजपत्रक आणि फोटो सोबत आहेत, खर्च २.८ लाख. म्हणून आमची ऑफर ९१ लाख. कॉमन बाथरूमच्या छताची ओल वरच्यांकडून दुरुस्त करून मिळावी. कर्ज मंजूर आहे. पुढच्या रविवारपर्यंत कळवलंत तर लगेच टोकन देऊ."

गिलावा

चांगलं आहे. इंडेक्स टू जोडाल तेव्हा दोन्ही बाजूंची नावं झाकून जोडा, शेजाऱ्यांची नावं समोर आली की वातावरण बिघडतं. आणि "कर्ज मंजूर आहे" म्हणता, तर बँकेचं पत्रही लावा.

मिलिंद_ठाणे

सोसायटीत रिडेव्हलपमेंटची चर्चा आहे का, ते आधी सेक्रेटरींना विचारा. आमच्या इथे ते सुरू झालं आणि कोणी वायरिंगचा खर्च ऐकूनच घेईना. सगळे नवीन फ्लॅटच्या भावानेच बोलायला लागले.

गिलावा

हा मुद्दा खरा आहे. तसं असेल तर दुरुस्तीचा मुद्दा जवळजवळ निकामी होतो.

सायली_कोथरूड

उद्या सेक्रेटरींना भेटते. एक राहिलं: एजंट म्हणतो १ कोटी १२ लाखांत पार्किंग धरलंय, पण खाली उघडीच जागा आहे आणि मालकांच्या कागदांत तिचा उल्लेख नाही. हे पत्रात घालू की नको?

वसुधा_१२

घाला. नाहीतर नंतर काका म्हणतील, पार्किंगचे वेगळे द्या.

गिलावा

मी आधी सोसायटीकडून लेखी मागेन की ती जागा कोणाला, कशी दिलीय. त्यांचं उत्तर येईपर्यंत पत्र थांबवायचं की नाही, हे तुम्हीच ठरवा. माझंही याबाबत पक्कं मत नाही.