मदत हवी आहे: उरलेल्या वरणाचे पराठे चिकट होतात, आज डाळ ढोकळी करू का?

मुग्धा_प्रतापनगर
कोणी लवकर सांगा प्लीज. काल उरलेल्या वरणातच कणिक भिजवली तर गोळा हाताला चिकटून राहिला, मग मी वरून कणिक टाकत गेली टाकत गेली, शेवटी पराठे इतके कडक झाले की मुलानं दोन घास खाऊन बाजूला ठेवले. आज पुन्हा तेवढंच वरण उरलंय. साडेआठला जेवायला बसतो आम्ही. ढोकळी करू की पराठेच? कणिक किती, मसाला काय, एवढंच सांगा.

महालच्या_वहिनी
कोणत्या डाळीचं वरण? साधं की फोडणीचं? पातळ की घट्ट, आणि रात्रभर कुठं ठेवलं होतं? हे कळल्याशिवाय कणकीचं माप कसं सांगणार?

वऱ्हाडी_भौ
ताई डाळ उरली असंन तर मिक्सरमधून काढा, लसूण मिरची टाका आणि वडे तळा, पाण्याचा थेंब नको. आमच्याकडे पोळ्याला असेच करतात.

मुग्धा_प्रतापनगर
भौ, शिजलेलं वरण आहे, भिजवलेली डाळ नाही. वहिनी, तुरीचं आहे, टमाटर टाकून फोडणी दिलेलं. मीठ तिखट सगळं आहे त्यात. नेहमीसारखंच.

महालच्या_वहिनी
नेहमीसारखं म्हणजे चमच्यातून धारेनं पडतं की गोळा पडतो? आणि फ्रिजचं अजून सांगितलं नाही तुम्ही. मे महिना आहे म्हणून विचारते. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, दुपारचं वरण ओट्यावर राहिलं तर रात्रीपर्यंत आंबतं. वर बारीक फेस दिसला, वास आंबूस आला, पळीला तार सुटली, तर सरळ फेकून द्या. पुन्हा उकळून ते वरण सुधारत नाही.

मुग्धा_प्रतापनगर
नाही नाही, जेवण झाल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवलं. आत्ता काढलं तर दह्यासारखं घट्ट बसलंय. २ वाट्या असेल.

सुमित_किचन
कालची चूक साधी आहे. कणकीला आराम दिला नाही तुम्ही. १ तास झाकून ठेवायची, चिकटपणा आपोआप जातो. पोळीच्या कणकीचा हाच नियम आहे.

महालच्या_वहिनी
सुमित, पाण्यात भिजवलेल्या कणकीसाठी तुझं बरोबर आहे, वरणाच्या कणकीचं उलटं असतं. फ्रिजमधलं वरण गार असतं म्हणून घट्ट दिसतं. स्वयंपाकघराच्या गर्मीत ते पुन्हा सुटतं, आणि दहा मिनिटांपूर्वी बरोबर वाटलेला गोळा सैल होऊन पोळपाटाला चिकटतो. मुग्धाताईंचं काल हेच झालं असणार. मग वरून टाकलेली कोरडी कणिक नीट मुरत नाही, म्हणून पराठा तव्यावर कडक होतो.
पराठे करायचे तर आधी वरण कढईत आटवावं लागतं. कढईच्या कडा सोडून मधे गोळा व्हायला लागलं की बंद, पूर्ण गार करायचं, मगच कणिक. पाणी अजिबात नाही. अशा आटलेल्या एका वाटीत साधारण दीड वाटी कणिक मावते, पण वाटी न बघता हात बघत टाका. आणि मळल्याबरोबर लाटायला घ्या.
पण आज वेळ कमी आहे. वरणफळं करा.

सुमित_किचन
ठीक आहे, हे माहीत नव्हतं. पण मी सकाळच्या डब्यासाठी रात्री मळून फ्रिजमध्ये ठेवतो आणि पराठे होतात.

महालच्या_वहिनी
गार असतानाच लाटत असशील, म्हणून निभतं.

इतवारीकर_नीता
फळं आणि डाळ ढोकळी एकच समजू नका कृपया. आमच्या शेजारी गुजराती काकू होत्या, त्यांच्या ढोकळीत गूळ, आमसूल, शेंगदाणे असायचे, आणि ढोकळीच्या कणकीत बेसन आणि ओवा. त्याशिवाय ती ढोकळी नाहीच.

वऱ्हाडी_भौ
आमच्या घरी वरणफळात गूळ टाकला तर कोणी ताटाला हात लावणार नाही. वरून जवसाचं कच्चं तेल पाहिजे आणि सोबत कांदा. बेसन कशाला, निस्ती कणिक आणि हळद.

इतवारीकर_नीता
बेसनानं ढोकळी खुसखुशीत राहते.

महालच्या_वहिनी
खुसखुशीत नाही नीताताई, उकळत्या वरणात काही खुसखुशीत राहत नाही. मऊ होते आणि चव येते. जास्त झालं तर तुकडे फुटतात. वाटीभर कणकीला दोन चमचे पुरे.
मुग्धाताई, आता तुमचं बघू. २ वाट्या घट्ट वरणात ३ वाट्या गरम पाणी टाका आणि मोठ्या गंजात उकळायला ठेवा. पातळ दिसेल, घाबरू नका. फळं पाणी पितात आणि वर लावलेलं कोरडं पीठही रश्शात उतरतं. जेवायच्या वरणाएवढं घट्ट ठेवून सुरुवात केली तर शेवटी पिठलं होतं.
१ वाटी कणिक, ते दोन चमचे बेसन, ओवा, हळद, थोडं तिखट, चमचाभर तेल, आणि साध्या पाण्यात घट्ट भिजवा. पुरीच्या कणकीसारखी. वरणात भिजवू नका. लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापा आणि वरचं पीठ झटका.
मीठ कणकीपुरतंच. वरणात मीठ आहेच, पाण्यानं कमी झालं असेल ते शेवटी चाखून टाका, आधी टाकलं तर आटल्यावर खारट होतं. फोडणी मात्र नवीन द्या, कालच्या हिंग लसणाचा वास उडालेला असतो. टमाटर आहे तर चिंच थोडीच.

मुग्धा_प्रतापनगर
वरण उकळायच्या आधी तुकडे टाकले तर चालेल का? तेवढाच वेळ वाचेल.

महालच्या_वहिनी
नाही! खळखळ उकळी असतानाच एकेक टाका, नाहीतर तळाला बसून एकमेकांना चिकटतात. १०-१२ मिनिटं लागतात. एक तुकडा मोडून बघा, मधे पांढरी रेघ दिसली तर कच्चं आहे.

मुग्धा_प्रतापनगर
झाली. पहिल्या वेळी मी मूठभर एकदम टाकले, उकळी बसली आणि चार-पाच तुकड्यांचा गठ्ठा झाला. मग गॅस मोठा करून उरलेले एकेक टाकले, ते मस्त सुटे शिजले. मुलानं दोनदा मागून घेतलं. वरून सांभार टाकला. नवरा साडेनऊला आला तोपर्यंत फळं अगदी घट्ट झाली होती, काय करायचं होतं?

महालच्या_वहिनी
अर्धी वाटी उकळतं पाणी टाकून मंद आचेवर गरम करा, गार पाणी टाकलं तर फळं वरून गिळगिळीत होतात.

इतवारीकर_नीता
गूळ टाकला का?

मुग्धा_प्रतापनगर
सुपारीएवढा टाकला. मला आवडला, नवऱ्याला नाही.

वऱ्हाडी_भौ
सांगितलं होतं.

मुग्धा_प्रतापनगर (चार दिवसांनी)
आज वरण आटवून पराठे केले. गोळा अजिबात चिकटला नाही, पराठेही मऊ. पण लाटताना कडा फाटत होत्या. आटवताना जास्त झालं का?

महालच्या_वहिनी
थोडं झालं असेल, पण डाळीनं कणकीचा लवचिकपणा कमी होतोच. मळताना चमचाभर तेल घ्या, पोळीपेक्षा जाड लाटा, आणि कडेवर लाटण्याचा जोर देऊ नका.

सुमित_किचन
मी दोन चमचे दही टाकतो, कडा फाटत नाहीत.

महालच्या_वहिनी
टमाटराच्या वरणात दही आंबट नाही होत?

सुमित_किचन
मी साध्या वरणाचे करतो. टमाटरवाल्याचे करून सांगतो.