मदत हवी आहे: सबडोमेनसाठी एचओडी सरांनी दिलेलं पत्र आयटीने परत पाठवलं

सागरवेळा: रत्नागिरीहून लिहितेय. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, मिऱ्या-भाट्याच्या होडीवाल्यांसाठी भरती-ओहोटीच्या वेळा. सरांनी "सबडोमेन मिळावे" असं पत्र दिलं, दोनदा परत आलं, वर पेन्सिलीने नुसतं 'कुठे?' लिहिलंय. नारळी पौर्णिमेच्या आत चालू करायचंय. पत्राचा नमुना द्या ना कुणीतरी, घाई आहे.

दर्याकाठ: साइट कुठे ठेवलीये? पत्रात पत्ता काय दिलाय?

सागरवेळा: लॅबचा पीसी, 192.168.1.14. चालतंय, सगळ्यांनी मोबाईलवर उघडून बघितलंय.

दर्याकाठ: लॅबच्या वायफायवर उघडलं असणार. तो नंबर आतल्या नेटवर्कपुरताच असतो, भाट्यातल्या माणसाला तो पीसी दिसणार नाही. आधी साइट बाहेर कुठेतरी हवी.

चिपळूणचा: गिटहब पेजेसवर टाका, फुकट आहे. पत्रात तिथली पूर्ण लिंक द्या, आयटीवाले सीनेम करून देतील, म्हणजे कॉलेजचं नाव तिकडे वळवतील.

दर्याकाठ: गिटहब ठीक, पण पूर्ण लिंक नको. सीनेममध्ये फक्त होस्टचं नाव चालतं, https नाही की पुढचा / नाही. पत्रात ही एक ओळ द्या, tumcha-account च्या जागी तुमच्या गिटहब अकाउंटचं नाव घाला, बाकी जशीच्या तशी, शेवटच्या टिंबासकट:

```
bharati  IN  CNAME  tumcha-account.github.io.
```

आणि आधी गिटहबच्या सेटिंगमध्ये कस्टम डोमेन भरा, मग आयटीला रेकॉर्ड करू दे. नाहीतर नाव लागतं पण पानावर ४०४ येतो आणि सगळे आयटीला दोष देतात.

देवगडकर: आमच्या पतसंस्थेने सरळ स्वतःचं डोमेन घेतलं, कुणाच्या पाया पडायला नको. फक्त नूतनीकरण विसरलो आणि साइट गेली.

दर्याकाठ: काका, कॉलेजचं नाव असलं की होडीवाले विश्वास ठेवतात, म्हणून सबडोमेनच बरं. पण त्यामुळेच पत्रात शेवटची तारीख आणि जबाबदार सरांचं नाव हवं. मुलं पास होऊन गेली, अकाउंट बंद झालं आणि रेकॉर्ड तसाच राहिला तर दुसरा कुणी त्या नावावर आपलं पान लावू शकतो. म्हणून बंद करताना आधी रेकॉर्ड काढायचा, मग साइट.

मालवणी_पोरगा: कॉलेजच्या ईमेलचा पासवर्ड पण आयटीकडूनच मिळतो का?

सागरवेळा: दर्याकाठ दादा, सांगायचं राहिलं, आमचं पीएचपी आहे 😟

दर्याकाठ: हे आधी सांगायला हवं होतं गो. गिटहब पेजेसवर पीएचपी चालत नाही. पण भरतीच्या वेळा वर्षभराच्या आधीच छापून येतात, त्या एका जेसन फाइलमध्ये भरा आणि पान साधं ठेवा. पीएचपी नक्की कशाला लागतंय?

सागरवेळा: होडीवाले लाटा किती आहेत ते फॉर्ममध्ये भरतात, ते साठवायला.

चिपळूणचा: मग कॉलेजच्या सर्व्हरवरच जागा मागा, सीनेमच नको.

दर्याकाठ: ते आयटी देईलच असं नाही, पीएचपी लावलं की अपडेट कोण करणार हे विचारतील. वेळांचं पान आत्ता चालू करा, फॉर्मचं वेगळं पत्र द्या.

सागरवेळा: सर उद्या लॅबला येतायत, टिंबाची ओळ प्रिंट काढून नेते. फॉर्मचं काय म्हणतात बघते.