मदत हवी आहे: देवस्थानच्या जुन्या वहीत शिक्क्याखालचे आकडे वाचायचे कसे?

फोंडेकर_७१
आमच्या देवस्थानची १९६० सालची खर्चाची वही आणि पेमेंटची व्हाउचरं उतरवून काढायचं काम महाजनांनी माझ्या गळ्यात मारलंय. हिशेब एस्कुदोत आहे, म्हणजे 84$00 असं, डॉलरसारखी खूण मधे आणि पुढे सेंताव्ह. शाई जुनी, तपकिरी पडलेली. त्रास असा की जांभळा गोल शिक्का नेमका रकमेवरच मारलाय, एका जागी 39$50 आहे की 89$50 तेच कळत नाही, आणि काही व्हाउचरांवर सही आकड्यावरनंच गेलीय. काही कागदांत वॉटरमार्क आहे तो स्कॅनमधे मधेमधे येतो. वही बाहेर न्यायची परवानगी नाही. काय करू?

बाब_म्हापसा
स्पिरिटात कापूस बुडवून हलकेच पूस, शिक्का निघतो. माझ्या घराच्या सेल डीडवर नोटरीचा शिक्का चुकीच्या जागी बसलाय, तो पण असाच काढता येईल का?

दप्तरखाना
स्पिरिट अजिबात नको! जांभळी शाई स्पिरिटात लगेच विरघळते, आख्खा कागद जांभळा होईल आणि मग खालचा आकडा कायमचा गेला. आणि बाब, डीडवरच्या शिक्क्याला हात लावू नका, सब रजिस्ट्रारकडे विचारा, इथे आपण फक्त वाचतोय.

पिक्सेलवाला
सोप्पं आहे, फोटो रंगीत काढ आणि रेड चॅनेल बघ, शिक्का गायब. मी नेहमी तेच करतो.

दप्तरखाना
लाल शिक्का असेल तर बरोबर. जांभळा असेल तर तो लाल उजेडही बराच खातो, म्हणून रेडमधे नुसता फिका होतो, जात नाही. इथे ब्लू बघा, कारण जांभळा रंग निळा उजेड परत पाठवतो म्हणून शिक्का तिथे पुसट होतो आणि तपकिरी शाई निळा उजेड खाते म्हणून आकडा काळाकुट्ट येतो. कागद पिवळा पडलेला असल्यामुळे तोही थोडा काळवंडेल, ते चालतं. पण लिखाण निळ्या पेनाचं असेल तर ही युक्ती उलटी पडते, शिक्क्याबरोबर आकडाही जातो.
गिंपमधे `Colors > Components > Decompose`, मग `RGB` निवडा, तिन्ही वेगळे दिसतील. स्कॅन ६०० डीपीआयला, रंगीत, ऑटो सुधारणा बंद आणि टिफ किंवा पीएनजीत. जेपीईजी बहुतेक वेळा रंगाची माहिती कमी बारकाईनं ठेवतं, त्यामुळे चॅनेल वेगळे केले की बारीक रेघांच्या कडा फुटतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेलं तर नकोच.
वॉटरमार्कासाठी पानामागे काळा कार्डपेपर ठेवा. स्कॅनरचं झाकण पांढरं असतं, त्याचा उजेड कागदातून परत येतो म्हणून वॉटरमार्क आणि पाठीमागचं लिखाण दोन्ही दिसतात.

फोंडेकर_७१
स्कॅनर एका भाच्याकडून मागून आणला. ब्लूमधे शिक्का खरंच विरघळला हो! पण पहिल्या आकड्याच्या डाव्या बाजूला एक फिकट कमान उरलीय, त्यामुळे 3 बंद होऊन 8 सारखा दिसतो.

दप्तरखाना
ती कमान आकड्याच्या वर आणि खालीही तशीच पुढे जाते का बघा. शिक्क्याची कड सारख्या जाडीची असते आणि गोलाईत पुढे जाते, टाकाची रेघ मात्र कुठे जाड कुठे बारीक होते. आणि एवढ्यावर विसंबू नका, पानाची बेरीज काय आहे?

फोंडेकर_७१
हो, पुढे जाते. पानावर बाकीच्या रकमा 84$00, 37$50, 126$00, 18$00. खाली बेरीज 305$00, ती स्पष्ट आहे.

दप्तरखाना
चारांची बेरीज 265$50. 305$00 मधून वजा केली की 39$50 उरतात, 89$50 असती तर खाली 355$00 हवी होती. आता पुढच्या पानाच्या डोक्यावर ओढून आणलेली रक्कम बघा, तिथेही 305$00 असेल तर पानाखालची बेरीज तुम्ही बरोबर वाचलीय. फक्त कारकुनाची बेरीजच चुकलेली असेल तर हे सांगणार नाही, म्हणून उतारा करताना ‘शिक्क्याखाली, बेरजेवरून’ असं शेजारी लिहा.

पिक्सेलवाला
आणि सह्यांचं काय? इन्फ्रारेड कॅमेऱ्यात सही नाहीशी होते ना?

दप्तरखाना
बॉलपेनची सही बऱ्याचदा जाते, पण खालचा आकडाही त्याच पेनचा असेल तर तोही जातो. आकडा पेन्सिलचा किंवा छापील असेल तर उरतो, कारण त्यात कार्बन असतं. दोन्ही त्याच तपकिरी शाईचे असतील तर रंगानं काही होणार नाही, व्हाउचरवर अक्षरी रक्कम शोधा.

फोंडेकर_७१
पुढच्या पानावर 305$00 च आहे, देव बरें करूं. अक्षरी रक्कम बहुतेकांवर पोर्तुगीजमधे आहे, ती वाचणारं कोणी ओळखीचं आहे का? दोन व्हाउचरांवर तर सही अक्षरी रकमेवरूनच गेलीय.