भागधारक करारातला ‘डेडलॉक’: कोंडी, तिढा की पेच?

अनघा_भाषांतर: निम्मे-निम्मे भाग असलेल्या दोन संस्थापकांच्या कराराचा मराठी मसुदा करतेय. ‘डेडलॉक’ला काय लिहू? ‘गतिरोध’ संसदेतला वाटतो.

कोथरूडकर: ‘कोंडी’ लिहा. पण कायद्यात उपाय आहेच की, मतं समसमान पडली तर अध्यक्षाचं निर्णायक मत!

वकीलसाहेब: अर्धंच खरं आहे. ते मत कंपनी कायदा २०१३ च्या ‘टेबल एफ’ या नमुना नियमावलीत, संचालकांच्या बैठकीपुरतं येतं आणि आपल्या नियमावलीतून ते वगळता येतं. दोघांतला एक कायमचा अध्यक्ष असला तर दुसऱ्याची बरोबरी कागदावरच राहते. म्हणून अशा करारात ते बहुधा काढूनच टाकतात.

शब्दांचं म्हणाल तर तिढा सुटतो, कोंडी फुटते. दोघांची संमती लागतेच अशा राखीव विषयावर लागोपाठ दोन बैठकांत एकमत झालं नाही की तिढा. मग मध्यस्थासाठी, समजा, ३० दिवस. तेही फसलं तर कोंडी, आणि ती फोडायला खरेदी-विक्रीचं कलम. मी दोन्ही शब्द ठेवीन.

दादरचा_दुकानदार: आम्हा भावाभावांचं असंच झालं. एकाने नोटीस दिली, भागीदारी संपली. एवढं कशाला लिहायचं?

वकीलसाहेब: तुमची ऐच्छिक भागीदारी असणार, तिथे नोटीस पुरते. कंपनी तशी मोडत नाही. न्यायाधिकरणाकडे जावं लागतं आणि तोवर धंदा झुरतो.

अनघा_भाषांतर: खरेदी-विक्रीच्या कलमाला मसुद्यात ‘रशियन रुलेट’ म्हटलंय. ‘एक भाव, दोन वाटा’ चालेल?

वकीलसाहेब: झकास! समजा दोघांकडे ५,०००-५,००० शेअर आहेत. एकाने ८०० रुपये भाव सांगितला. आता दुसरा ठरवणार: त्या भावाने आपले विकून ४० लाख घ्यायचे, की तेवढेच मोजून समोरच्याचे घ्यायचे. आपण विकणारे ठरू की घेणारे हे माहीत नसल्यामुळे भाव रास्त लागतो.

पण दुसऱ्याचा खिसा रिकामा आहे हे पहिल्याला ठाऊक असलं, तर तो ३०० सांगेल आणि १५ लाखांत कंपनी गिळेल. म्हणून पैसे उभे करायला ९० दिवसांसारखी मुदत हवी. नोंदणीकृत मूल्यांककाने ठरवलेल्या किमतीखाली भाव जाणार नाही, असंही लिहा.

आणि हे कलम कंपनीच्या नियमावलीतही घाला. रंगराज खटल्यात (१९९२) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की शेअर हस्तांतरावरचं जे बंधन नियमावलीत नाही, ते कंपनीवर बंधनकारक नाही.

अनघा_भाषांतर: यातला एक संस्थापक दुबईत असतो, तिथला रहिवासी.

वकीलसाहेब: मग भाव मोकळा नाही! परकीय चलनाच्या नियमांनुसार इथल्याने तिथल्याला विकताना रास्त मूल्यापेक्षा कमी घ्यायचं नाही, उलट्या व्यवहारात जास्त द्यायचं नाही.

कोथरूडकर: म्हणजे दोन्ही वाटा खुल्या ठेवायच्या तर भाव नेमका रास्त मूल्याएवढाच! मग भाव सांगण्यात उरलं काय?

वकीलसाहेब: तोच तर वांधा आहे. काही जण अशा वेळी दोघांच्या बंद पाकिटातल्या बोली घेतात, पण जिंकलेली बोली मर्यादेबाहेर गेली तर तिथेही तेच दुखणं.

अनघा_भाषांतर: तूर्त ‘तिढा’ आणि ‘कोंडी’ दोन्ही घेते. भावाचं अशिलाला विचारून सांगते.