मदत हवी आहे: मेसेजमध्ये आकडे १२३ लिहायचे की 123?

आमच्या ग्रुपवर मीटिंगचा मेसेज मी टाकते आणि दरवेळी आकड्यांचा घोळ होतो. यावेळचा ड्राफ्ट असा आहे:

"मीटिंग दि. १४/6 रोजी सायं. 7ः३० वा."

मराठी कीबोर्डवर एक आकडा देवनागरी येतो, मग कीबोर्ड बदलला की पुढचा इंग्रजी. छोट्या स्क्रीनवर घाईत वाचताना १ हा 9 सारखा आणि ४ हा 8 सारखा दिसतो, म्हणजे १४ चं कोणी 98 वाचलं तर हसून सोडता येईल, पण वेळ १ वा. असेल आणि कोणी 9 ला आलं तर? शिवाय 7 नंतर कोलन नाही, विसर्ग पडलाय, दिसायला सारखाच.

तारखेत महिना अक्षरात लिहिला, "१४ जून, शनिवार", तर निदान दिवस-महिन्याची उलटापालट होणार नाही, हे मला पटतंय. पण फोन नंबर देवनागरीत दिला तर काही फोनवर टॅप करून कॉल लागत नाही, म्हणून तो इंग्रजीतच ठेवावा लागतो. मग एकाच मेसेजमध्ये तारीख-वेळ देवनागरी आणि नंबर तेवढा इंग्रजी, चालेल का? की सगळंच इंग्रजी आकड्यांत करू? आणि नंतर सर्चमध्ये 14 टाकल्यावर १४ सापडतं का कोणाच्या फोनवर?